शेंगोळ्यांच्या आधीचा परिच्छेद

पाककृतींचा मजकूर नीट करून देण्याचं काम मी नाशिकमध्ये करते. या कामात नव्याने येणाऱ्या मुली हमखास विचारतात, सुरुवातीचा परिच्छेद घरच्या बाईने सांगितल्यासारखा कसा लिहायचा? मला ते कुळथाच्या शेंगोळ्यांनी शिकवलं.

माझ्याकडे आलेला मजकूर असा होता: ‘कुळथाचे शेंगोळे ही महाराष्ट्राची पारंपरिक आणि पौष्टिक पाककृती आहे. तुम्ही कुळथाचे शेंगोळे रेसिपी शोधत आहात का? आज आपण झटपट कुळथाचे शेंगोळे कसे बनवायचे ते पाहू.’

तीन वाक्यांत पदार्थाचं नाव तीनदा. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून हे केलेलं असतं, पण नाव शीर्षकात आणि परिच्छेदात एकदा आलं की तेवढं पुरतं. लागणारा वेळ, किती जणांना पुरेल, हे सगळं साहित्याच्या यादीजवळ शोभतं. मी ते खाली नेलं आणि वर काहीच उरलं नाही.

मग मी स्वतःच लिहिलं: थंडीची संध्याकाळ, चुलीचा धूर, आजीच्या हातची चव. वाचायला गोड होतं. शंका आली म्हणून शेंगोळ्यांच्या जागी थालीपीठ घालून पाहिलं, तर एकही शब्द बदलावा लागला नाही. ही परीक्षा मी आजही प्रत्येक परिच्छेदाला लावते. पदार्थ बदलूनही परिच्छेद तसाच चालत असेल, तर ती कुणाचीच आठवण नसते.

ज्यांची कृती होती त्या मावशी सिडकोत राहतात. त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, ‘एखादी आठवण सांगा ना.’ त्या सावरून बसल्या आणि म्हणाल्या, ‘कुळीथ फार पौष्टिक असतात गं.’ हा प्रश्नच चुकीचा होता. आठवण सांगा म्हटलं की माणूस भाषण करतो. म्हणून विचारलं, ‘कधी बिघडले होते का?’

‘अगं, पहिल्यांदाच!’ मग त्या बोलत राहिल्या. सासर निफाडकडचं, तिथली थंडी बोचरी. पीठ घट्ट भिजवलेलं, लसूण-जिरं वाटून घातलेलं, तेलाच्या हाताने वळून टोकं जोडलेली, सगळं जमलं होतं. फक्त लसणाच्या फोडणीच्या पाण्याला उकळी यायच्या आधीच त्यांनी सगळे शेंगोळे सोडले. झाकण काढलं तर नुसता लगदा. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘आज पिठलं केलंस होय?’ आणि तेच भाकरीबरोबर सगळ्यांना वाढलं.

यात कृतीचा सगळ्यात नाजूक टप्पा आपोआप आला आहे. पाणी खळखळ उकळत असेल तर शेंगोळ्याचं वरचं पीठ लगेच आवळतं. पाणी नुसतं कोमट असेल तर ते सुटून पाण्यात मिसळतं. म्हणून बिघडण्याचा प्रश्न आधी विचारायचा.

मी लिहून काढलं आणि फोनवर वाचून दाखवलं. ‘चुलीवरच्या कढईत’ ऐकताच मावशी थांबवून म्हणाल्या, ‘चूल कुठली? वातीचा स्टोव्ह होता. वात बारीक राहिली, म्हणून तर पाणी उकळेना.’ चूल मी माझ्या मनाने घातली होती, आणि तिच्यापायी खरं कारणच पुसलं गेलं होतं. तेव्हापासून सांगणाऱ्याने न सांगितलेली एकही वस्तू मी आत घालत नाही, आणि मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

शेवटी परिच्छेद असा झाला:

‘लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी कुळथाचे शेंगोळे केले. स्टोव्हची वात बारीक होती, पाणी उकळेना, आणि मला घाई. सगळे एकदम सोडले. झाकण काढलं तर लगदा. सासूबाई म्हणाल्या, “आज पिठलं केलंस होय?” आणि तेच सगळ्यांना वाढलं. आता पाणी खळखळ उकळल्याशिवाय मी पहिला शेंगोळाही सोडत नाही.’

‘एकदम’ हा शब्द मावशींचा, तो मी हलवला नाही. ‘पिठलं केलंस होय’ प्रमाण भाषेत आणायचा मोहही टाळला. प्रमाणाबाबत मात्र त्यांचं ‘अंदाजाने’ चालणार नव्हतं. त्यांनी मुठीने घेतलेलं पीठ मी वाटीने मोजलं आणि तो आकडा खाली यादीत लिहिला.

सगळ्यांकडे अशी गोष्ट निघत नाही. कुणी सरळ म्हणतं, ‘मला तर नेहमीच जमले.’ तिथे मी आठवण बनवत नाही. त्यांच्या हाताची एखादी खूण विचारते, जसं की शेंगोळे शिजले हे कशावरून ओळखता. ‘चमच्याने एक तोडून बघते, मध्ये कोरडं पीठ दिसलं तर अजून पाच मिनिटं.’ तेवढं एक वाक्य घालते आणि त्याच्या खाली लगेच साहित्य.