सिद्धांताचं वाक्य झाकून बघा

छात्राध्यापकाचा चिंतनपर निबंध तपासताना मी सिद्धांताच्या वाक्यावर बोट ठेवून उरलेला परिच्छेद वाचते. परिच्छेदाच्या अर्थामध्ये काहीच फरक पडला नाही, तर तो सिद्धांत नुसता शोभेचा.

उदाहरणार्थ, 'वायगॉट्स्कीनुसार मी मुलांना आधार दिला, त्यामुळे सर्वांना अपूर्णांक समजले.' इथे आधार कोणता, कोणाला आणि समजले हे कशावरून, यातलं काहीच कळत नाही. (गंमत म्हणजे 'आधार' ही संज्ञा वायगॉट्स्कीची नाहीच; ती १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातून आली.)

आता हे पाहा: 'एका मुलीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. मी कागदाच्या पट्ट्या दिल्या. २/५ ही पट्टी अर्ध्यापेक्षाही लहान आहे, हे तिनेच दाखवलं. पुढचं गणित पट्ट्यांशिवाय देताच ती पुन्हा अडली. म्हणजे आधार मी फार लवकर काढला.' इथे संकल्पना झाकली तर शेवटचा निष्कर्षच लटकतो. शिवाय फसलेला भाग लपवलेला नाही. गुण इथे द्यावेत, मग नाव एकाही तज्ज्ञाचं नसलं तरी.

पहिल्या निबंधावर मी 'उदाहरण द्या' असा शेरा मारत नाही, कारण मग रचलेलं उदाहरण येतं. 'त्या मुलाने वहीत नेमकं काय लिहिलं होतं?' एवढंच विचारते.