रील मुकी झाली, जाहिरात अडकली: दुकानाच्या पोस्टमध्ये या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की अंबाजोगाईत बस्त्याची गर्दी सुरू होते. तिथल्या एका साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम मी बघते. मागच्या हंगामात मी दोन दिवस गावाला गेले होते, तेव्हा मालकांच्या पुतण्याने हौसेने एक रील टाकली. अठ्ठावीस सेकंदांची, मागे त्या आठवड्यात सगळीकडे वाजणारं हिंदी गाणं, कव्हरवर एका नवरीचा देखणा फोटो, कॅप्शनमध्ये त्याच गाण्याच्या दोन ओळी आणि शेवटी कुसुमाग्रजांच्या नावाने एक सुविचार. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन.

"ताई, काल रात्रीपर्यंत गाणं वाजायलं होतं. आज रील पार मुकी झाली बघा. अन् पैसे भरून पुढं ढकलावी म्हणलं, तर तेबी घेईना."

एकाच पोस्टमध्ये चारही चुका होत्या, म्हणून तीच उकलून सांगते.

गाणं ॲपमध्ये दिसतं म्हणजे ते दुकानाला चालतं, हा समज

सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. इन्स्टाग्रामवरची गाणी मेटाने संगीत कंपन्यांशी करार करून आणलेली असतात, आणि तो करार लोकांनी आपापल्या घरगुती, हौशी व्हिडिओत ती वापरावीत एवढ्यापुरता असतो. व्यवसायासाठी गाणं वापरायचं तर परवानगी तुमची तुम्हाला मिळवावी लागते, असं मेटाच्या संगीताच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. म्हणूनच खातं `Business` केलं की गाण्यांची यादी एकदम रोडावते. लोकांना वाटतं ॲप बिघडलं. बिघडलेलं काही नसतं.

आमच्याकडे दोन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या. पुतण्याने गाणं इन्स्टाग्रामच्या यादीतून न घेता एडिटिंगच्या ॲपमध्येच व्हिडिओला चिकटवलं होतं. असा आवाज यंत्रणा कंपन्यांनी जमा केलेल्या नमुन्यांशी ताडून बघते आणि जुळला की बंद करते. दुसरीकडे, पैसे भरून रील पुढे ढकलायची म्हणजे ती सरळ जाहिरात झाली, आणि जाहिरातीत असं गाणं मेटा घेतच नाही. म्हणजे ते गाणं यादीतून घेतलं असतं तरी `Boost` अडलंच असतं.

मग पुतण्याने सुचवलेले उपाय आले. खातं `Creator` करू, सगळी गाणी परत दिसतील. दिसतील, खरं आहे. पण ते गाणं लावून दुकानाचा माल विकायचा हक्क त्याने मिळत नाही, फक्त कुलूप निघतं. गाणं पंधरा सेकंदच घेऊ. भारतीय कायद्यात इतक्या सेकंदांची सूट कुठेही नाही. वेग थोडा वाढवू. त्याने यंत्र फसेल कदाचित, गाण्याचा मालक फसत नाही. कॅप्शनमध्ये 'सर्व हक्क मूळ मालकांकडे' लिहू. हे तर आपणच कबुलीजबाब लिहून देण्यासारखं!

काकांचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. "दुकानात गाणी लावायचं लायसन काढलंय की आपण." काढलं आहे, आणि ते चांगलंच केलं. पण पीपीएल किंवा आयपीआरएस या संस्थांचा तो परवाना दुकानात गाणं ऐकवण्याचा असतो. तेच गाणं व्हिडिओला जोडायचं तर परवानगी वेगळी लागते.

'ॲपनेच दिलं होतं' हा बचाव न्यायालयात कितपत टिकतो याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत बँग नावाचं एनर्जी ड्रिंक विकणाऱ्या कंपनीने टिकटॉकवरच्या आपल्या जाहिरातींत लोकप्रिय गाणी वापरली. गाणी टिकटॉकच्याच लायब्ररीत होती, असं तिचं म्हणणं. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयाने ते मानलं नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही एक खोच आहे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. त्याहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण ती धंद्यातल्या फायद्यासाठी न केलेल्या उल्लंघनाला. दुकानाची रील त्या सवलतीत बसत नाही. छोट्या दुकानदाराला लगेच बेड्या पडतात असं नाही. बहुतेक वेळा आवाज जातो, पोस्ट जाते, नाहीतर भरपाईची नोटीस येते. पण आपण कुठे उभे आहोत ते माहीत असावं.

मुकी रील दुरुस्त कशी केली

मुकी रील तशीच ठेवून तिच्यावर भांडत बसू नका. हरकत घ्यायचं बटण आहे, पण ते आपल्याकडे खरोखर परवानगी असेल त्यासाठी. आमच्याकडे नव्हती, म्हणून रील काढून टाकली. सेटिंगमधल्या `Account Status` मध्ये आणखी काही तक्रार लागली आहे का, ते पाहिलं. मग गाणं जोडण्याआधीचा मूळ व्हिडिओ शोधला. तो पुतण्याच्या फोनमध्ये होता हे नशीब, कारण गाणं मिसळून जतन केलेल्या फाइलमधून ते स्वच्छ वेगळं करता येत नाही. बिनगाण्याची एक प्रत नेहमी ठेवा.

संगीतासाठी मेटाची `Sound Collection` आहे. तिथलं संगीत व्यवसायाला चालतं आणि जाहिरातीतही घेता येतं. मर्यादा एवढीच की ती परवानगी फेसबुक आणि इन्स्टाग्रामपुरती आहे. तोच व्हिडिओ यूट्यूबवर किंवा गावातल्या केबलवर द्यायचा तर तिथलं संगीत वेगळं बघावं लागतं. यूट्यूबसाठी यूट्यूब स्टुडिओत `Audio Library` आहे. त्यातल्या काही तुकड्यांना श्रेय देणं बंधनकारक असतं, आणि ते श्रेयाचे शब्द तिथेच तयार मिळतात.

पण खरं सांगायचं तर तिथलं संगीत बस्त्याच्या रीलला सपक वाटत होतं. पुतण्या म्हणाला, मग एखादा अभंग लावू, तो तर कुणाच्या मालकीचा नाही. अर्धंच बरोबर. गाण्यात तीन थर असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. संतांचे शब्द मोकळे आहेत. पण अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल मोकळी नाही आणि एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रणही नाही. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्या वर्षानंतर ६० वर्षं चालतो.

शेवटी तोडगा घरातच सापडला. काकांच्या आईला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, पारंपरिक, परंपरेच्याच चालीत. दुपारी पंखा बंद करून फोनवर दोन ओव्या रेकॉर्ड केल्या. मी त्यांच्याकडूनही कागदावर लिहून घेतलं: आवाज कुणाचा, कुठल्या तारखेचा, कोणत्या दुकानाच्या कोणत्या जाहिरातींसाठी, किती काळ. काका हसले, "आईकडून बी सही घ्यायलाव का?" घ्यायची. गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावर स्वतंत्र हक्क असतो. उद्या एखादा गोंधळी किंवा आराधी मंडळ बोलावलं तर हाच कागद मानधनाच्या आकड्यासह लागेल.

कॅप्शनमधल्या ओळी

गाणं काढलं तरी कॅप्शनमध्ये त्याच्या दोन ओळी होत्याच. गीताचे शब्द हे साहित्य आहे आणि त्याला स्वतंत्र संरक्षण आहे. खासगी वापर, समीक्षा, बातमी यांसाठी कायद्याने वाट ठेवली आहे. साडी खपवणं त्यात येत नाही. दोनच ओळी आहेत म्हणावं, तर ओळींचा आकडा ठरलेला नाही. घेतलेला भाग त्या रचनेचा गाभा आहे का, हे बघतात, आणि आपण उचलतो तो नेमका धृपद! ओळखीचा असतो म्हणूनच तर उचलतो. कॅप्शनमधल्या शब्दांवरून तक्रार क्वचितच येते, हे मान्य. तरीही दुसऱ्याच्या ओळीशिवाय पोस्ट अडत नसेल तर ती कशाला घ्यावी?

त्यातून आपण मराठवाड्यातले. पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई, आणि अंबाजोगाईत तर दासोपंत, ज्यांनी ग्रंथ कागदावर न लिहिता कापडाच्या पासोडीवर लिहिला. साडीच्या दुकानाला याहून शोभणारं नाव कुठलं? त्यांचे मूळ शब्द मोकळे आहेत. फक्त अलीकडच्या पुस्तकातला त्याचा अर्थ किंवा टीपा उचलू नका, त्या लेखकाच्या असतात.

कुसुमाग्रजांचं तसं नाही. कवी गेल्यानंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतात. ते १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०५९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. आमच्या सुविचाराची गंमत अशी की 'ही ओळ कुठल्या संग्रहातली?' असं विचारल्यावर पुतण्याला व्हॉट्सॲपशिवाय काही दाखवता येईना. पुस्तक आणि पान सांगता येत नसेल तर ते नाव खाली टाकू नये.

नवरीचा फोटो

हा सगळ्यात महाग पडू शकला असता. दोन दिवसांनी एका छायाचित्रकाराचा मेसेज आला: कव्हर माझ्या कामाचं आहे. पुतण्याने तो पिंटरेस्टवरून घेतला होता. गुगल किंवा पिंटरेस्ट हे फोटोंचे मालक नाहीत, ते फक्त फोटो कुठे आहे ते दाखवतात. 'फोटो सौजन्य: गुगल' याला काही अर्थ नाही. पोस्ट आम्ही आधीच काढून टाकली होती. मी तसं कळवलं, माफी मागितली आणि मूळ फाइल दाखवायची विनंती केली. त्यांनी दाखवली. थोडी रक्कम देऊन प्रकरण मिटलं, आणि पैसे मिळाल्याचं व तक्रार उरली नसल्याचं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं.

पेक्सेल्स, अनस्प्लॅश यांसारख्या ठिकाणचे फोटो व्यवसायाला फुकट चालतात, पण चेहरा ओळखू येत असेल तर सांभाळून. ती बाई तुमची गिऱ्हाईक आहे असं भासवता येत नाही. विकतच्या साइटवर `Editorial Use Only` लिहिलेला फोटो जाहिरातीला चालत नाही, आणि परवान्यात `NC`, म्हणजे धंद्याला मनाई, ही अक्षरं दिसली तरी नाही.

एवढ्यापेक्षा आपल्याच साड्यांचे फोटो काढून घेतलेले बरे. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक, उलट करार नसेल तर, कायद्याने आपणच असतो. पण फोटोग्राफरच्या बिलामागे बारीक अक्षरात उलट करार छापलेला असू शकतो, तेवढं उलटून बघा.

ओव्यांची रील चालली. महिनाभरात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दुकानाने ती उतरवून घेतली, आमचं नाव कापलं आणि स्वतःच्या साड्यांवर आजींचा आवाज लावला. काकांचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाज चढलेला. कॉपीराइटची तक्रार हक्कदार किंवा त्याने नेमलेली व्यक्तीच करू शकते, म्हणून आजींच्या सहीचा तो कागद आणि रेकॉर्डिंगची मूळ फाइल शोधायला सांगितली. कागद गल्ल्यात, लग्नपत्रिकांच्या खाली निघाला.