केकला सिरप लावताना या चुका टाळा

माझ्याकडे ठाण्यात शिकायला येणाऱ्या दहाजणींपैकी आठजणींच्या पिशवीत एक बाटली असते. पाण्याची छोटी बाटली, झाकणाला सुईने पाडलेली भोकं. स्पंजवर ती दाबून सिरप फवारायचं, अर्ध्या मिनिटात काम उरकतं. मला ती बाटली दिसली की डोकं उठतं, कारण मीही सुरुवातीला तिच्याच भरवशावर होते.

एक किलोचा पायनॅपल केक, घोडबंदर रोडवरून ऐरोलीला पोचवायचा होता. जून सुरू झालेला, हवेत दमटपणा. स्पंज जरा कोरडा वाटला म्हणून मी बाटली मनसोक्त दाबली. रात्री फ्रिजमध्ये सगळं ठीक दिसत होतं. सकाळी बोर्डवर केकच्या कडेने पिवळसर पाणी साचलेलं. टिपून घेतलं आणि निघाले. तिथे पोचून डबा उघडला तर खालचा लेअर भिजलेल्या पावासारखा बसला होता आणि वरचे दोन त्याच्यावरून एका बाजूला सरकले होते. पैसे परत केले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की बाटलीतून किती सिरप गेलं हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय धार मधोमध पडते. मध्य आधीच ओलसर असतो. ओव्हनमध्ये कोरडी पडते ती कड. म्हणजे जिथे गरज नाही तिथे तळं आणि कड तशीच कोरडी. वरून लावलेलं सिरप रात्रभरात खालीही झिरपतं, म्हणून सगळ्यात खालच्या लेअरची हालत सर्वांत वाईट.

तेव्हापासून मी लेअर वजनकाट्यावर ठेवूनच सिरप लावते. काटा शून्यावर आणायचा, ब्रश बुडवून आधी कडेने फिरायचं, मग आत यायचं. ब्रश ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. ओढला की चुरा निघतो. सहा इंची, दीड सेंटीमीटर जाडीच्या लेअरला 20 ग्रॅम. आठ इंचीला साधारण 35, कारण क्षेत्रफळ जवळपास पावणेदोन पट होतं. सगळ्यात खालच्या लेअरला चार-पाच ग्रॅम कमी. हा हिशोब एगलेस प्रीमिक्सच्या स्पंजचा. त्यात तेल असतं, त्यामुळे तो मुळातच ओलसर. अंड्याचा, बिनालोण्याचा हलका स्पंज तहानलेला असतो, त्याला सहा इंचात 30 ग्रॅमही चालतात.

पुरेसं झालं की नाही हे बोटाने कळतं. हलकं दाबा: बोट ओलसर लागलं आणि खड्डा भरून आला तर थांबा. बोटाभोवती सिरप वर आलं तर जास्त झालं. अशा वेळी त्यावर क्रीम लावू नका. एक कोरडा लेअर त्याच्यावर पालथा ठेवून दहा मिनिटं थांबा, तो बरंचसं ओढून घेतो. मग भिजलेला लेअर रचताना सगळ्यात वर घ्या. क्रीम लागल्यावर मात्र उपाय नाही.

दुसरी चूक आपल्या हाताच्या सवयीची. साखर-पाणी चुलीवर दिसलं की हात आपोआप गुलाबजामच्या पाकाकडे वळतो. एका मुलीने एकतारी पाक करून आणला, "ताई, घट्ट असला की गळणार नाही ना?" गळला नाही, कारण आत शिरलाच नाही. वर चिकट पापुद्रा आणि खाली कोरडा भुगा. साखर आणि पाणी समान वजनाने घ्या, साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. पाणी वाढवून पातळ केलं तर दुसरं टोक: साखरच ओलावा धरून ठेवते, नुसत्या पाण्याने स्पंज लगदा होतो.

एसेन्स उकळत्या सिरपमध्ये घालू नका, वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. पूर्ण गार झाल्यावर घाला. डबाबंद अननसाचा रस वापरायचा तर तो आधीच गोड असतो, साखर चाखून कमी करा.

स्पंजचा वरचा तपकिरी पापुद्रा कापून टाका, त्यातून सिरप मुरत नाही.

गरम स्पंजला सिरप लावू नका. तो आधीच नाजूक असतो, ओला झाला की उचलताना तुटतो. "पण ताई, ऑर्डर पाच वाजता आहे!" मग केक आदल्या दिवशी करायचा होता. मी स्पंज रात्री गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी कापते, सिरप लावते आणि क्रीम करून पुन्हा तीन-चार तास ठेवते. लावल्या लावल्या तुकडा चाखला तर वर ओला, आत कोरडा लागतो आणि घाबरून बाया अजून सिरप ओततात. त्या तीन-चार तासांत तेच 20 ग्रॅम सगळीकडे पसरतात. दुपारी कापलात तर तुकड्यात वरपासून खालपर्यंत एकच रंग दिसतो. तळाशी गडद पट्टी दिसली तर पुढच्या वेळी खालच्या लेअरचे अजून पाच ग्रॅम कमी करा.