घावन घडी घालताना फाटते? या चुका टाळा

घावन फाटते ते घडी घालताना, त्यामुळे दोष हाताला किंवा कालथ्याला दिला जातो. प्रत्यक्षात फाटण्याची तयारी बहुतेक वेळा त्याआधीच, पिठाच्या पातेल्यात किंवा तव्यावर, झालेली असते. कोकणातील घावन असो, की दक्षिणेकडे तुळुनाडूत नीर डोसा या नावाने होणारा त्याचा सख्खा भाऊ असो, दोन्हींत उडीद नाही आणि आंबवणेही नाही. नुसता तांदूळ आणि पाणी. त्यामुळे त्याला एकत्र धरून ठेवणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे उष्णतेने शिजून चिकट झालेली तांदळातील पिष्टाची पातळ साय. ही साय अखंड तयार झाली नाही, कच्ची राहिली किंवा वाळून कडक झाली, तर घडी मोडणार हे ठरलेलेच.

मालवणात आत्याकडे श्रावणात पाहुणे आले होते, तेव्हा मी घावने करायला घेतली आणि हा धडा चांगलाच शिकले. एक वाटी जुना कोलम तांदूळ चार तास भिजवून, बारीक वाटून, मिठासह तयार केलेल्या पिठाची आठ घावने व्हायला हवी होती. पहिली दोन जाळीदार पण इतकी विरविरीत झाली, की कालथा लावताच फाटली. मधली तीन उत्तम झाली. सहावे जाड झाले, सातव्याला जाळीच पडली नाही, आणि आठव्याची घडी मधोमध तडकली. मी तवा बदलण्याच्या विचारात होते. आत्याने पातेल्यात पळी घालून तळापर्यंत एकदा फिरवली आणि म्हणाली, “तळाक पीठ बसलाहा गो, आधी ढवळ.”

पातळ पिठाची ही मूळ अडचण आहे. तांदळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते केवळ तरंगत असतात आणि पातेले दोन-तीन मिनिटे स्थिर राहिले, की खाली बसू लागतात. वरचे पीठ उचलून घातले, की पहिल्या घावनांना पाणी जास्त आणि तांदूळ कमी मिळतो, तर शेवटच्यांना नेमके उलटे. म्हणून प्रत्येक घावनापूर्वी पळी तळाला घासून पीठ ढवळणे हा नियम पाळावा, दर दोन-तीन घावनांनी नव्हे. तरीही शेवटी पीठ घट्ट वाटल्यास दोन चमचे पाणी घालावे. उलट पीठ सुरुवातीपासूनच फार पातळ झाले असेल, तर चमचाभर तांदळाचे पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात मिसळावे. कोरडे पीठ थेट टाकले, तर गुठळ्या होतात आणि त्या जागीच घावन फाटते.

पीठ किती पातळ हवे, याचे माप असे. एक वाटी कोरड्या तांदळाला, वाटताना लागलेले पाणी धरून, एकूण अडीच वाट्या पाणी. वाटताना मात्र पाणी अगदी बेताचे घालावे, कारण भांड्यात पाणी जास्त झाले की तांदूळ पात्यांना चुकवत फिरत राहतो आणि रवाळ राहतो. असे रवाळ पीठ तव्यावर सलग साय धरत नाही. पीठ बोटांत चोळून पाहावे आणि कण लागत असतील, तर पुन्हा वाटावे. उरलेले पाणी नंतर घालावे. तयार पीठ पातळ ताकासारखे दिसते, आणि पळीच्या पाठीवर त्याचा इतका विरळ थर राहतो, की खालची पळी त्यातून दिसते.

तांदूळ जुनाच घ्यावा. कापणीनंतरचा नवा तांदूळ चिकट असतो, त्याचे घावन तव्याला धरते आणि घडीच्या थरांत एकमेकांना चिकटते. नवाच हाताशी असेल, तर निम्मा जुना मिसळावा. जेवणातला उकडा तांदूळ मात्र येथे वापरू नये, तो एकदा शिजून वाळवलेला असल्याने त्याची अशी जाळी पडत नाही.

आता तवा. बिडाचा जुना तवा सर्वांत चांगला, पण निर्णायक गोष्ट त्याची उष्णता आहे, कारण जाळी पडते ती पिठातील पाण्याची क्षणात वाफ होऊन ती वर निसटते म्हणून. तव्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावे. थेंब जागच्या जागी बसून हळूहळू बुडबुडत राहिले, तर तवा थंड आहे, आणि अशा तव्यावर घावन पांढरे, गुळगुळीत आणि चिकट होते. थेंब चर्र आवाज करून नाचत क्षणात आटले, तर तवा योग्य आहे. थेंब मोत्यासारखे गोल होऊन न आटता घरंगळत फिरले, तर तवा फार तापलेला आहे. अशा तव्यावर पीठ टेकताच वाफ त्याला दूर ढकलते, घावनात रुपयाएवढी भगदाडे पडतात आणि कडा करपतात. त्या वेळी पाण्याचा हबका मारून तवा पुसावा आणि पुन्हा थेंब टाकून पाहावे.

पीठ ओतताना काठाकडून मध्याकडे यावे, आणि डोशासारखी पळी फिरवून पसरवू नये, कारण वरून पळी फिरली की नुकतीच धरलेली साय तुटते. राहिलेल्या मोठ्या छिद्रांवर थोडे पीठ शिंपडावे. तेलाचे म्हणाल, तर अर्धा कांदा किंवा नारळाच्या शेंडीचा बोळा तेलात टेकवून तव्यावरून फिरवणे पुरेसे आहे. तेल साचले, तर पीठ त्यावर घसरून गोळा होते. थंड पीठ पडताच तवा निवतो, म्हणून प्रत्येक घावनानंतर अर्धा मिनिट थांबून पुढचे घालावे. घाईत सलग घालत गेल्यास चौथे-पाचवे घावन हमखास चिकटते.

पीठ घातल्यावर झाकण ठेवून आच मध्यम करावी आणि साधारण एका मिनिटाने पाहावे. वरचा ओला चकाकता भाग मावळला असेल आणि कडा स्वतःहून तव्यापासून सुटू लागल्या असतील, तर ते झाले. काही घरांत घावन उलटून दुसरी बाजूही भाजतात, पण पातळ घावनाला त्याची गरज नसते. चकाकी असताना घडी घातली, तर थर एकमेकांना चिकटतात. कडा तपकिरी होईपर्यंत थांबलात, तर वाळलेली कड घडीच्या रेषेवर तडकते. घडी तव्यावरच, गरम असताना घालावी: कालथा कडेने सगळीकडे फिरवून आधी अर्धी, मग चौथाई, आणि घडीवर दाबू नये. कालथ्याची धार बोथट असेल, तर ती कड सोडवण्याऐवजी फाडते.

उतरवलेली घावने लगेच एकावर एक रचू नयेत. सुती फडक्यावर एकेक पसरून त्यांतील वाफ जाऊ द्यावी आणि मगच डब्यात ठेवावी. दुपारपर्यंत थंड झालेली घावने कडक होतात आणि घडी उघडताना तुटतात. ती न उघडता मोदकपात्रात मिनिटभर वाफवावीत, म्हणजे पुन्हा मऊ होऊन गुळाच्या नारळरसात बुडवण्याजोगी होतात.