बोरन्हाणात शेंगदाणे नको, चुरमुरे जास्त

संक्रांत ते रथसप्तमी यात कधीही बोरन्हाण करता येतं, म्हणून रविवार बघा आणि वेळ बाळाची झोप झाल्यानंतरची ठेवा, नाहीतर काळा झबला आणि हलव्याचे दागिने घालेपर्यंतच रडारड सुरू होते. आमच्याकडे दीड वर्षाच्या भाचीचं केलं तेव्हा पाटाभोवती सात-आठ पोरं होती, सगळी तीनच्या आतली, आणि लूट पडली की ती हातात येईल ते सरळ तोंडात घालतात. शेंगदाणे, हलवा, रेवड्या, गोळ्या, बोराची बी, सगळं घशात अडकू शकतं हो! म्हणून आम्ही अर्धा किलो चुरमुरे घेतले, त्यात बिस्किटांचे छोटे पुडे टाकले, आणि बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे शकुनापुरते पाच-पाचच, ते आईने बाळाच्या पायाशी ठेवले आणि ओवाळून झाल्यावर लगेच उचलले. डोक्यावरून फक्त चुरमुरे, तेही वाटीने हळू, डोळ्यात जाता कामा नयेत. सतरंजीवर जुनी चादर टाका, चारी टोकं उचलली की झालं साफ.

गिफ्टमध्ये फुगे, गोट्या, बटण सेलवाली खेळणी अजिबात नको. टिश्यू रोलच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्यांना द्यायचीच नाही, एवढं बघून घ्या. आम्ही कापडी पुस्तक आणि एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे कप दिले, पोरं तिथेच बसून त्यात चुरमुरे भरत होती.