ड्रायरचा काटा ६० दाखवतो, काजूगर मात्र करपतात: थर्मोवेलची चूक कशी शोधावी

वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या काजू कारखान्यातला गरम हवेचा ड्रायर घ्या. हवेच्या डक्टमध्ये स्टीलचा थर्मोवेल आहे, म्हणजे एका टोकाला बंद असलेली जाड नळी, आणि तिच्यात आरटीडी हा तापमान मोजणारा सेन्सर. ही नळी दोन वेगळ्या चुका करते. एक वाट पाहिली की जाते, दुसरी दिवसभर थांबलात तरी जात नाही. म्हणून आधी दुसरी शोधा.

ड्रायर तासभर एकाच तापमानावर चालू द्या. काटा ६० वर स्थिरावला की थर्मोवेलचा डक्टबाहेरचा गळा आणि आजूबाजूचा पत्रा ग्लासवूलने नीट गुंडाळा, मग अर्धा तास थांबा. आकडा चढला, तर नळीतून उष्णता बाहेर पळत होती. पावसाळ्यात बाहेरचा पत्रा गार असतो, तेव्हा ही चूक आणखी वाढते.

किती चूक, तेही काढता येते:

```
चूक = (T_हवा − T_बूड) / cosh(m·L)
m = √( 4·h·D / (k·(D² − d²)) )
```

L ही हवेत बुडालेली लांबी आणि T_बूड हे नळी जिथे पत्र्याला जोडली आहे तिथलं तापमान. बाहेरचा व्यास D २० मिमी, आतला d ७ मिमी, स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता k १६ W/m·K आणि मध्यम वेगाच्या हवेतून नळीला उष्णता मिळण्याचा गुणांक h ५० W/m²·K धरला, तर लांब्या मीटरमध्ये घालून m सुमारे २७ येतो. नळी फक्त ५० मिमी आत असेल तर cosh जेमतेम २. हवा ७० आणि बूड ५० अंशांवर असेल, तर चूक १० अंश: काटा ६० दाखवतो. ऑपरेटर बिचारा आच वाढवतो नि गर करपतात. तीच नळी १५० मिमी आत गेली की चूक एका अंशाच्याही आत. डक्ट अरुंद असेल तर नळी वळणावर, प्रवाहाला समांतर बसवा.

आता पहिली चूक, उशीर. थंड नळी स्थिर गरम हवेत घाला आणि एकूण फरकाच्या ६३ टक्के आकडा सरकायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. वरच्या नळीला सुमारे ६ मिनिटं लागतील. हवा मिनिटाला १ अंशाने तापत असेल, तर काटा सतत ६ अंश मागे राहतो. ही चाचणी गरम पाण्यात करू नका. तिथे वेळ खूपच कमी येतो आणि उगाच समाधान होतं.

उशीर कमी करायला बरेच जण नळीत थर्मल पेस्ट भरतात. पाण्यात तिचा उपयोग होतो. हवेत फारसा नाही, कारण तिथे खरी अडचण बाहेरच्या हवेकडून स्टीलकडे उष्णता जाण्यात असते. टोकाकडे निमुळती नळी जास्त कामाची.

खरं सांगायचं तर, दाब नसलेल्या या डक्टमध्ये थर्मोवेल हवाच कशाला? जाळीदार संरक्षणातला ६ मिमीचा उघडा सेन्सर साधारण मिनिटभरात बदल पकडतो. गळ्यावरचं ग्लासवूल मात्र पत्र्याने झाका, नाहीतर पहिल्याच पावसात भिजून ते निकामी होईल.