रोटेशनवर एमसीक्यू काढताना या चुका टाळा

बारावीच्या पहिल्याच धड्यावर चाचणी घ्यायची म्हटलं की बहुतेक पेपरांत हा प्रश्न असतोच:

प्रश्न 1. एक विद्यार्थी फिरत्या स्टुलावर हात पसरून बसला आहे. दोन्ही हातांत डंबेल आहेत. स्टुलाच्या अक्षाजवळचं घर्षण नगण्य आहे. त्याने हात छातीशी ओढले आणि एकूण मोमेंट ऑफ इनर्शिया निम्मा झाला. आता फिरण्याची गतिज ऊर्जा पहिल्याच्या तुलनेत किती असेल?
(अ) निम्मी (ब) तेवढीच (क) दुप्पट (ड) चौपट

मी हा प्रश्न पहिल्यांदा काढला तेव्हा पर्याय होते तेवढीच, दुप्पट, दीडपट आणि दहापट. उत्तर बरोबर होतं, भाषा स्वच्छ होती, आणि तरीही प्रश्न फुकट गेला. दीडपट किंवा दहापट या उत्तरापर्यंत नेणारा कुठलाच विचार नाही. ते दोन पर्याय कुणी निवडले नाहीत, म्हणजे चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात दोनच पर्यायांचा उरला.

वर दिलेल्या रूपात मात्र प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा विद्यार्थी उभा आहे. आकडे घालून पाहू. सुरुवातीला I = 4 kg m² आणि ω = 3 rad/s घ्या. अँग्युलर मोमेंटम 12 आणि ऊर्जा 18 ज्यूल. हात ओढल्यावर I = 2 झाला, मोमेंटम 12 च राहिला, म्हणून ω = 6 आणि ऊर्जा 36 ज्यूल. उत्तर दुप्पट.

(अ) कोण निवडतो? ज्याने ½Iω² मध्ये I निम्मा केला, पण ω वाढला हे विसरला. (ड) निवडणारा याच्या उलट: ω दुप्पट म्हणजे वर्ग चौपट, एवढं त्याला आठवलं आणि I तिथेच राहिला. (ब) हा सगळ्यांत ओढून घेणारा पर्याय. त्यामागचा विचार असा की घर्षण नाही, बाहेरून टॉर्क नाही, मग ऊर्जाही कायम राहायला हवी. या मुलाचं गणित कच्चं नाही. मोमेंटम कायम राहण्याची अट आणि ऊर्जा कायम राहण्याची अट वेगवेगळ्या आहेत, हे त्याला अजून दिसलेलं नाही. वाढलेले 18 ज्यूल हात आत ओढणाऱ्या स्नायूंनी दिले.

म्हणून पर्याय लिहिण्याआधी मी आता कागदाच्या डाव्या बाजूला चुकीचे विचार लिहिते आणि त्या विचारांनी जे उत्तर येईल तेच उजवीकडे पर्याय म्हणून घेते. तीन विचार सुचले नाहीत तर चौथा पर्याय भरण्यासाठी आकडा घालू नका, तीनच पर्याय ठेवा. वर्गचाचणीत त्याने काही बिघडत नाही.

सूत्राच्या भरवशावर उत्तरसूची लिहिणे

याच स्टुलावरचा दुसरा प्रश्न मला जास्त प्रिय आहे, कारण त्यात मीच चुकले होते.

प्रश्न 2. वरच्याच विद्यार्थ्याने हात पसरलेले असतानाच दोन्ही डंबेल नुसते हातातून सोडून दिले. सोडल्यानंतर लगेच त्याचा कोनीय वेग
(अ) वाढेल (ब) कमी होईल (क) तेवढाच राहील (ड) शून्य होईल

माझ्या उत्तरसूचीत (अ) होतं. Iω कायम, I कमी झाला, म्हणून ω वाढला. पेपर वाटून झाल्यावर एक मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, डंबेल नुसते सोडले ना? मग त्याला कुणी ढकललंच कुठे?"

तिचं बरोबर होतं. पुन्हा आकडे मांडा. एकूण I = 4 मध्ये विद्यार्थी आणि स्टूल मिळून 3, आणि अक्षापासून अर्ध्या मीटरवर धरलेले 2-2 किलोचे डंबेल मिळून 1. ω = 3 असताना 12 पैकी 9 मोमेंटम विद्यार्थी-स्टुलाचा आणि 3 डंबेलांचा. हात उघडले त्या क्षणी प्रत्येक डंबेलचा वेग 1.5 m/s होता, आणि सुटताना तो तसाच राहिला. त्यामुळे प्रत्येकाचा mvr = 2 × 1.5 × 0.5 = 1.5, दोघांचा मिळून 3. म्हणजे डंबेल आपला वाटा घेऊन गेले. विद्यार्थ्याकडे 9 उरला, I = 3, ω = 3. उत्तर (क). माझ्या सूचीप्रमाणे 12 ला 3 ने भागून 4 यायचं, पण त्यात गेलेल्या डंबेलांचा वाटाही मी विद्यार्थ्याच्याच खात्यावर जमा केला होता.

त्या चाचणीत पूर्ण वर्गाचे गुण मी दुरुस्त केले, पण चूक कशामुळे झाली हे नीट सांगायला हवं. 'I कमी झाला' एवढं दिसलं की हात आपोआप Iω कायम धरतो. वस्तुमान व्यवस्थेतून बाहेर जात असेल किंवा आत येत असेल, तर आधी विचारा की कोणत्या व्यवस्थेचा मोमेंटम कायम आहे आणि बाहेर जाणाऱ्याने किती नेला. फिरत्या तबकडीवर वरून सरळ वाळू पडत असेल तर ω खरोखर कमी होतो, कारण येणाऱ्या वाळूकडे स्वतःचा मोमेंटम नव्हता. तबकडीच्या कडेला असलेल्या भोकातून तीच वाळू गळत असेल तर ω बदलत नाही. दिसायला हे दोन प्रश्न एकमेकांचे उलटे वाटतात, उत्तरं मात्र उलटी नाहीत. हे दोन्ही प्रश्न एकाच पेपरात शेजारी ठेवून पाहा. कोण समजून सोडवतो ते लगेच कळतं.

अट अर्धवट लिहिणे

'उतारावरून भरीव गोल, तबकडी आणि कडे एकाच वेळी सोडले. आधी कोण पोहोचेल?' या प्रश्नात 'तिन्ही एकाच वेळी' हा चुकीचा पर्याय म्हणून ठेवलेला असतो. पण उतार गुळगुळीत असेल तर तोच बरोबर आहे, कारण तिघेही न फिरता घसरतील आणि त्वरण सगळ्यांचं g sinθ. 'न घसरता घरंगळतात' हे तीन शब्द विसरले की हुशार मूल हात वर करतं आणि त्याचं म्हणणं मान्य करावं लागतं.

ते शब्द घातले तरी काम संपत नाही. काही जण प्रश्न भारी दिसावा म्हणून उताराचा कोन 60° आणि घर्षणांक 0.3 असे आकडेही देतात. न घसरता घरंगळण्यासाठी tanθ ची कमाल मर्यादा कड्याला 2μ, तबकडीला 3μ आणि भरीव गोलाला 3.5μ असते. म्हणजे इथे 0.6, 0.9 आणि 1.05. tan 60° तर 1.73 आहे. तिघेही घसरणार, तिघांचं त्वरण g(sinθ − μcosθ), आणि तिघे एकत्रच पोहोचणार! प्रश्नातली अट आणि प्रश्नातले आकडे एकमेकांशी भांडत आहेत. आकडे नको असतील तर देऊच नका.

शिवाय हा प्रश्न आता पाठ झालेला आहे. 'भरीव गोल पहिला, कडे शेवटी' हे मुलं न विचार करता लिहितात. त्याऐवजी 1 किलोचा लहान आणि 3 किलोचा मोठा असे दोन भरीव गोल घ्या, दोघांच्या केंद्रांना सारखंच अंतर कापायचं आहे असं स्पष्ट सांगा. 'मोठा आधी' आणि 'लहान आधी' हे दोन्ही पर्याय खरोखर निवडले जातात. वस्तुमान आणि त्रिज्या त्वरणाच्या सूत्रातून गळून पडतात हे ज्याला उमगलं तोच 'बरोबरच' म्हणतो.

मोहक पर्यायाचं स्पष्टीकरण अर्ध्यावर सोडणे

प्रश्न 3. एक चेंडू खडबडीत उतारावर न घसरता वरच्या दिशेने घरंगळत जात आहे. त्याच्यावरचं घर्षणबल
(अ) उतारावरून खालच्या दिशेने आहे (ब) उतारावर वरच्या दिशेने आहे (क) शून्य आहे

बहुतेक वर्ग (अ) कडे झुकतो. आपणच आठवीपासून शिकवलं आहे की घर्षण गतीला विरोध करतं. उत्तरपत्रिकेत 'चूक, उत्तर (ब)' एवढंच लिहिलं, किंवा फळ्यावर सूत्राने घर्षणाचं चिन्ह काढून दाखवलं, तर मुलाच्या डोक्यातलं जुनं वाक्य तसंच राहतं. त्याच वाक्याला हात घालावा लागतो: घर्षण संपर्कातल्या पृष्ठभागांच्या एकमेकांवर घसरण्याला विरोध करतं, आणि इथे संपर्कबिंदू घसरतच नाही. मग दिशा कुठून काढायची? चेंडू वर जाताना मंदावतो, म्हणून त्याचं फिरणंही मंदावलं पाहिजे. वजन केंद्रातून जातं, लंब प्रतिक्रियेची रेषाही केंद्रातून जाते. केंद्राभोवती टॉर्क देऊ शकणारं एकच बल उरतं, ते घर्षण. फिरणं कमी करायचं तर खालच्या टोकाला ते उताराच्या वरच्या दिशेनेच लागलं पाहिजे. चेंडू परत खाली येताना फिरणं वाढायला हवं, आणि तेव्हाही दिशा वरचीच निघते.

(क) निवडणाऱ्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं. त्याने ऐकलेलं असतं की घरंगळताना घर्षण कार्य करत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याने शून्य कार्याचं शून्य बल केलं. सपाट जमिनीवर एकसारख्या वेगाने घरंगळणाऱ्या चेंडूला मात्र घर्षण खरोखर शून्य असतं, हेही त्याच ओळीत सांगा, नाहीतर ते बरोबर ज्ञानही तो टाकून देईल.

या प्रश्नात पर्यायांना कारणं जोडायचा मोह होतो. जोडायची तर तिन्हींना जोडा. बरोबर पर्यायालाच 'कारण...' लावलं की तो लांब होतो आणि लांबीवरून ओळखला जातो.

पेपर तपासून ठेवून देणे

गुण मांडून झाले की प्रत्येक प्रश्नासमोर अ, ब, क, ड किती जणांनी लिहिलं ते मोजा. चाळीस जणांच्या वर्गाला अर्धा तास पुरतो. एकूण गुणांत वरचे दहा आणि खालचे दहा वेगळे काढून त्यांचीही मोजणी करा. समजा प्रश्न 3 मध्ये (अ) ला खालच्या दहांतले सात आणि वरच्या दहांतले दोन आहेत, तर पर्याय आपलं काम करतो आहे. एखाद्या पर्यायाला एकही मत नसेल तर पुढच्या वर्षी तो बदला. आणि वरच्या दहांतले सहा-सात जण एकाच 'चुकीच्या' पर्यायावर एकत्र आले असतील तर मुलांना रागावण्याआधी स्वतःची उत्तरसूची काढून पाहा. डंबेलच्या प्रश्नात माझ्याकडे हाच आकडा समोर होता. ती मुलगी आली नसती तर मी तो मोजलाच नसता.